डबा बोलला, खाते काय म्हणते?

भाजीवाल्याचा हिशेब एका दिवसाचा असतो. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रोख घालायची, रात्रीपर्यंत ती सोडवायची आणि दुसऱ्या पहाटे तीच पुन्हा घालायची. सकाळची मेथी रात्री नऊनंतर कोणी घेत नाही, त्यामुळे माल शिल्लक ठेवून उद्या बघू म्हणायची सोय नसते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडी लावणाऱ्या मावशींचे वर्षानुवर्षे असेच चालले होते. या जूनमध्ये त्यांनी गाडीला क्यूआर लावला. तेव्हापासून त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून ही टिपणे जमत गेली.

*

क्यूआर लावायचे कारण सुटे पैसे. बारा रुपयांच्या कोथिंबिरीला शंभराची नोट काढणारे गिऱ्हाईक सकाळची भवानी व्हायच्या आधीच गल्ला मोडते. तरुण मुले तर पाकीटच बाळगत नाहीत. "स्कॅनर आहे का?" असे विचारतात आणि नसला तर पुढच्या गाडीवर जातात.

आधी काही दिवस लेकीच्या खात्याचा क्यूआर छापून गाडीला चिकटवला होता. गिऱ्हाइकाने पैसे टाकले की ते तत्काळ लेकीच्या खात्यावर पडत. पण लेक कॉलेजात आणि तिचा फोन तिच्याबरोबर. पैसे आले की नाही, ते गाडीवर कळायला मार्ग नाही. शिवाय तिची फी, रिचार्ज आणि भाजीचे पैसे एकाच खात्यात मिसळले. महिनाअखेरीस भाजीचे किती, हे कोणालाच सांगता येईना.

मग एका कंपनीचा मुलगा आला. त्याने आधारवर आलेला ओटीपी घालून मावशींच्या नावे फोनवरच बँकेचे खाते उघडून दिले, व्यापाऱ्याचा क्यूआर दिला आणि सोबत बोलणारा डबा. डब्याचे दरमहा भाडे. पैसे भरले गेले की डबा मराठीत रक्कम सांगतो.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी लेकीला बँकेचे मेसेज वाचायला बसवले. आदल्या दिवशी डबा बराच वेळा बोलला होता. चाळीस, पंचवीस, साठ, पुन्हा चाळीस. त्यातला एकही आकडा बँकेच्या मेसेजमध्ये नव्हता. होता तो एकच, १,२४० रुपये जमा.

"माझे चाळीस कुठं गेले, ताई? ही बाराशे चाळीसची भाजी कोणी नेली?"

प्रश्न अगदी रास्त होता. लेकीच्या क्यूआरवर गिऱ्हाइकाच्या खात्यातून निघालेले पैसे थेट तिच्या खात्यात जात होते. कंपनीच्या क्यूआरवर मध्ये एक थांबा असतो. गिऱ्हाइकाचे पैसे आधी कंपनीच्या राखीव खात्यात जमतात. रात्री बारा ते पुढच्या रात्री बारा असा दिवस धरून कंपनी त्यांची बेरीज करते आणि दुसऱ्या सकाळी ती एकच रक्कम व्यापाऱ्याच्या खात्यावर पाठवते. याला सेटलमेंट म्हणतात. काही कंपन्या दिवसातून अनेकदा पाठवतात, काही एकदाच. मावशींची एकदा पाठवते, सकाळी दहाच्या सुमारास.

हे राखीव खाते कंपनीच्या मर्जीने वापरायचे नसते. पैसे गोळा करणाऱ्या अशा कंपन्यांनी व्यापाऱ्यांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यातच ठेवावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे मधल्या थांब्यावर पैसे अडकले तरी ते बुडाले असे होत नाही.

*

मावशींना पटलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत: "डबा बोलला म्हंजी गिऱ्हाइकानं दिलं. मला मिळालं का, ते बँक सांगंल."

या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात एक रात्र जाते. सगळी काळजी त्या रात्रीची घ्यायची.

*

त्या एका रात्रीचा पहिला फटका भांडवलाला बसला. मावशी पहाटे साधारण २,८०० रुपयांचा माल उचलतात. दिवसाची विक्री ३,९०० च्या आसपास. पूर्वी ती सगळी रोख होती, त्यामुळे दुसऱ्या पहाटेचे पैसे कनवटीला असत. आता २,३०० क्यूआरवर जाऊ लागले आणि हातात रोख उरली १,६००. पहाटेच्या खरेदीला १,२०० कमी पडले. क्यूआरचे पैसे येणार होते, पण सकाळी दहाला, आणि मार्केट यार्डात पहाटे पाचला पैसे मोजावे लागतात.

पहिल्या आठवड्यात त्यांनी हे पैसे ओळखीच्याकडून उसने घेतले आणि त्यावर रोजचे व्याज दिले. "धंदा वाढला आन् उसनवारी बी वाढली," त्या म्हणाल्या.

कागदावर मांडल्यावर गोष्ट सुटली. क्यूआरमुळे एका दिवसाची विक्री एकदाच अडकते, रोज नव्याने नाही. सोमवारचे २,३०० मंगळवारी दहाला खात्यावर येतात आणि बुधवारी पहाटे खरेदीला मिळतात. मंगळवारचे बुधवारी येतात आणि गुरुवारी मिळतात. साखळी एकदा सुरू झाली की रोज आदल्याच्या आदल्या दिवसाचे पैसे हाताशी असतात. लागते ते फक्त सुरुवातीला एका दिवसाच्या क्यूआर विक्रीइतके जादा भांडवल. मावशींनी भिशीतून ते एकदाच काढले आणि रोजचे व्याज बंद झाले. त्यांचा आडत्याही फोनवर पैसे घेतो, त्यामुळे बँकेतून काढायची खेपही वाचली.

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये लगेच पैसे मागवायचे बटण असते. ते दाबण्याआधी त्याला शुल्क लागते का, हे वाचावे. रोज दाबायचे असेल तर ते शुल्क महिन्याचे करून पाहावे.

*

वहीचा नमुना. लेकीने शाळेच्या जुन्या वहीत चार रकाने आखून दिले: तारीख, डबा, बँक, फरक.

रात्री गाडी झाकताना अ‍ॅपमधली त्या दिवसाची बेरीज 'डबा' या रकान्यात लिहायची. दुसऱ्या सकाळी बँकेचा मेसेज आला की त्याच ओळीत 'बँक'. दोन्ही सारखे असतील तर फरकाच्या जागी शून्य. मावशी चौथीपर्यंत शिकल्या आहेत. मेसेज इंग्रजीत असतो, पण आकडा ओळखायला इंग्रजी लागत नाही.

त्या दहाचा मेसेज वाचून मग चहा सांगतात. एवढेच काम.

*

शून्याशिवाय पहिला आकडा जुलैत आला. डबा २,३४०. बँक २,२१५. फरक १२५.

मावशींचा संशय गिऱ्हाइकावर गेला, कोणीतरी खोटे पैसे टाकले असावेत. पण पैसे कमी आले की आधी कंपनीची कपात पाहायची. अ‍ॅपमध्ये सेटलमेंटचे पान असते. तिथे प्रत्येक दिवसाच्या रकमेवर बोट ठेवले की आत तिचा तपशील उघडतो: एकूण जमा, वजावट, पाठवलेली रक्कम. वजावटीत १२५ होते आणि पुढे डब्याचे भाडे असे लिहिले होते. दरमहा त्याच तारखेला ते कापले जाते. लेकीने वहीत पुढच्या महिन्याच्या त्या तारखेवर आधीच १२५ लिहून ठेवले.

गिऱ्हाइकाने साध्या बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले, तर त्या रकमेवर व्यापाऱ्याकडून टक्केवारी घेतली जात नाही. जानेवारी २०२० पासून तसा नियम आहे. म्हणून भाजीच्या गाडीवर रोज थोडी थोडी रक्कम कमी येत असेल, तर कारण विचारलेच पाहिजे.

*

शेजारच्या फळवाल्या काकांनी मावशींची वही पाहिली आणि स्वतःचे अ‍ॅप उघडून दाखवले. महिनाभर बँकेत कमी पैसे पडत होते. त्यांची समजूत अशी की पावसामुळे धंदा बसला.

सेटलमेंटच्या पानावर रोजची वजावट होती. काकांनी उन्हाळ्यात त्याच अ‍ॅपवरून कर्ज घेतले होते. त्याचा हप्ता महिन्याला नाही, रोज कापला जात होता, तोही पैसे खात्यावर येण्याआधीच. कर्ज घेताना हे सांगितले होते, काकांच्या ते लक्षात राहिले नव्हते. विक्री खरे तर तेवढीच होती. पण बँकेचा आकडा पाहून ते माल कमी उचलू लागले, त्यामुळे विक्रीही उतरायला लागली.

कापलेला हप्ता आणि बसलेला धंदा बँकेच्या मेसेजमध्ये एकसारखेच दिसतात. त्यांतला फरक 'डबा' हा रकानाच दाखवतो.

*

डबा गप्प आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण. असे आठवड्यातून एखाद वेळा होते. यात दोन शक्यता असतात आणि गाडीवर उभे राहून त्या वेगळ्या करणे अवघड.

पहिली, खोटी खूण. पैसे भरल्यासारखे पान दाखवणारी बनावट अ‍ॅप्स फिरत आहेत. म्हणून गिऱ्हाइकाचा फोन पुरावा मानायचा नाही. आपला डबा किंवा आपल्या अ‍ॅपमधली यादी, एवढेच मानायचे.

दुसरी, खरोखर अडकलेले पैसे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले, पण आपल्याकडे खबर पोचली नाही. एका आजोबांचे साठ रुपये असे अडकले. मावशींनी त्यांच्या फोनवरच्या बारा आकडी व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वहीत टिपले आणि भाजी दिली, कारण आजोबा रोजचे. सकाळी यादीत ते चार आकडे सापडले. पैसे उशिरा नोंदले गेले होते.

सापडले नसते तर? दुकानात खबर न पोचलेले असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर त्याला दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. हे माहीत असले की गाडीवर भांडण होत नाही. "पैसे परत येतील, मग द्या" असे शांतपणे म्हणता येते.

*

मावशींनी स्वतः घातलेला नियम: पैसे घ्यायला पिन लागत नाही. फोनवर कोणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणाले की फोन ठेवायचा. पिन फक्त पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना.

लेकीने घातलेला नियम: रोज सकाळी पहिला स्कॅन आपणच करायचा. मावशींचे नाव दिसते का ते बघायचे आणि पैसे न टाकता मागे यायचे. रात्रीतून कोणी आपल्या क्यूआरवर दुसरा चिकटवला असेल, तर तो पहिल्या गिऱ्हाइकाआधी कळतो.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशी भाजीबरोबर झेंडू आणि आपट्याची पाने विकतात. गाडी मध्यरात्रीनंतरही चालू होती. झाकताना क्यूआरची दिवसभराची बेरीज भरली ६,४८०. वहीत तेवढी लिहिली.

दसऱ्याच्या सकाळी दहा वाजले, अकरा वाजले, बँकेचा मेसेज आला नाही.

मावशींचा पहिला अंदाज, आज सुट्टी आहे, बँक बंद. पण एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवणारी एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालते. काही कंपन्या स्वतःच सुट्टीला सेटलमेंट करत नाहीत, हे खरे. मावशींची कंपनी करत होती. वहीत मागच्या रविवारी सकाळी आणि गणेश चतुर्थीच्या सकाळीही आदल्या दिवसाचे पैसे आलेले होते. सुट्टीचे कारण वहीनेच खोडून काढले.

मग सेटलमेंटचे पान उघडले. आदल्या दिवसाची रक्कम ५,७१० दिसत होती. ६,४८० नव्हे. उरलेले ७७० कुठे? रात्री बारानंतर विकलेल्या झेंडूचे. कंपनीचा दिवस बाराला संपतो, मावशींचा गाडी झाकल्यावर. ते ७७० पुढच्या दिवसात धरले होते. हा फरक फक्त तारखेचा, त्याची काळजी नव्हती.

काळजी होती ती ५,७१० पुढच्या लाल शब्दाची. रक्कम पाठवली, पण अयशस्वी.

*

'प्रक्रियेत' आणि 'अयशस्वी' यांत मोठा फरक आहे. प्रक्रियेत म्हणजे पैसे वाटेत आहेत, संध्याकाळपर्यंत थांबावे. अयशस्वी म्हणजे बँकेने घेतले नाहीत, परत पाठवले. थांबून उपयोग नाही, कारण अडचण आपोआप दूर होत नाही आणि पुढच्या दिवसांचे पैसेही त्याच दारावरून परत जातात. मावशींचे तसेच झाले. दसऱ्याच्या दिवसाचे, म्हणजे सकाळच्या विक्रीचे ३,१६० आणि मध्यरात्रीनंतरचे ७७० मिळून ३,९३० रुपयेही परत गेले.

या सगळ्या वेळात डबा नेहमीच्याच आवाजात बोलत होता. कारण त्याचा संबंध गिऱ्हाइकाच्या पैशाशी, बँकेने दार लावल्याशी नाही.

*

कारण खात्यातच होते. फोनवर फक्त आधारच्या ओटीपीवर उघडलेल्या खात्याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या आहेत. शिल्लक एक लाखावर जाता कामा नये आणि एका आर्थिक वर्षात एकूण जमा दोन लाखांवर जाता कामा नये. वर्षभरात पूर्ण ओळख पटवली नाही तर खाते बंद होते. खाते उघडणाऱ्या मुलाने हे सांगितले नव्हते.

मावशींच्या खात्यात शिल्लक कधी फार नसे. पैसे यायचे आणि मालाला जायचे. पण जमेची बेरीज वर्षभर वाढतच असते, काढलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. वहीतला 'बँक' हा रकाना लेकीने जूनपासून बेरजेला लावला. १,९६,८५०. त्यात ५,७१० मिळवले की २,०२,५६०. दोन लाखांची रेघ ओलांडली ती दसऱ्याच्या झेंडूने.

दिवसाला सव्वादोन हजार क्यूआरवर येत असतील, तर हे दोन लाख तीन महिन्यांत भरतात. मावशींसारख्या भाजीच्या गाडीला ही मर्यादा वर्षभर पुरणार नाही.

*

सुट्टीनंतर मावशी आधार कार्ड, पॅन कार्ड आणि फोटो घेऊन बँकेच्या शाखेत गेल्या. सोबत वही. खिडकीवरच्या बाईंना त्यांनी तारीख आणि रक्कम दाखवली. "पैसे येत नाहीत" यापेक्षा "एक तारखेचे ५,७१० परत गेले, जमा दोन लाखांवर गेली म्हणून" हे सांगणे वेगळे. बाईंनी अंगठ्याचा ठसा घेतला, अर्ज भरून घेतला आणि खाते पूर्ण ओळख पटलेल्या खात्यात बदलायला घातले. मर्यादा उठली.

मग कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन. तिथे सांगायच्या तीन गोष्टी: कोणत्या तारखेचे सेटलमेंट, किती रक्कम, आणि खाते आता दुरुस्त झाले आहे. तक्रारीचा क्रमांक मागून घेतला आणि वहीत लिहिला. काही दिवसांनी अडकलेले ५,७१० आणि ३,९३०, सोबत बँकेत गेल्या त्या दिवसाचे १,९८० असे मिळून ११,६२० रुपये एकदम जमा झाले. लेकीने तिन्ही ओळींपुढे बरोबरची खूण केली आणि फरकाच्या रकान्यात शून्य लिहिले.

मधल्या दिवसांत खरेदी थांबली नाही. दसऱ्याची रोख हातात होती, आणि पैसे अडकल्याचे पहिल्याच सकाळी कळल्याने मावशींनी ती राखून वापरली.

*

पुढच्या चौकातल्या एका वडापाववाल्याचे असेच झाले होते. त्याला पंधरवड्याने कळले, तेही तेलाच्या दुकानदाराला पैसे द्यायला गेला आणि खात्यात नव्हते तेव्हा. त्याचेही पैसे परत मिळाले, पण मधल्या काळात त्याने व्याजाने पैसे उचलले होते. ते व्याज कोणी भरून देत नाही.

दोघांच्या क्यूआरमध्ये काही फरक नाही, डबाही तोच. फरक दहाच्या मेसेजचा.

*

आता मावशींच्या वहीत आठवड्याच्या शेवटी एक पाचवा आकडा असतो, वर्षाची एकूण जमा. बँकेने मर्यादा उठवली तरी त्या तो लिहितात. पथविक्रेत्यांच्या कर्जासाठी अर्ज करायचा आहे. तिथे धंदा किती होतो असे विचारले, तर हा आकडा बोट ठेवून दाखवता येईल.

*

वाचणाऱ्यांना दोन विनंत्या. भाजी घेऊन पैसे टाकलेत की डबा बोलेपर्यंत थांबा. तुमच्या फोनवरची खूण त्यांना पुरत नाही, आणि घाईत निघून गेलात तर त्यांना तुमच्यामागे हाक मारावी लागते.

दुसरी विनंती मोठी आहे. तुमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या, चहावाल्या, इस्त्रीवाल्याने क्यूआर लावला असेल, तर एखाद्या सकाळी त्यांच्यासोबत बसून अ‍ॅपमधले सेटलमेंटचे पान उघडून दाखवा. कालची बेरीज कुठे दिसते, वजावट कुठे दिसते, 'अयशस्वी' कुठे लिहिलेले असते आणि खाते फोनवरच उघडलेले आहे का, एवढे चारच मुद्दे समजावा. क्यूआर लावून देणारा मुलगा हे सांगायला परत येत नाही.